आईसाठी रिमोटचं पान



परवा शेवटच्या खाचरात मुठी टाकल्या आणि लावणी उरकली. पाऊस बरा आहे, बांध टिकून आहेत. आजची नोंद मात्र शेतातली नाही, घरातली आहे. लावणीच्या दिवसांत आम्ही नवराबायको सकाळी सातला बाहेर पडतो ते अंधार पडताना परततो. दिवसभर घरात आई एकटी. तिची सोबत म्हणजे टीव्ही. आणि तो टीव्ही तिला एकटीला लावता यावा म्हणून मोठ्या अक्षरात एक पान तयार केलं, त्याची ही गोष्ट. बऱ्याच जणांच्या घरी हीच अडचण आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आई चौऱ्याहत्तरची. शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचते, पोथीही वाचते, इंग्रजी अक्षरं येत नाहीत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. भावाने दिवाळीला स्मार्ट टीव्ही घेऊन दिला. जुन्या टीव्हीला एक डबा आणि एक रिमोट होता, आता टीव्हीचा एक आणि डिशच्या सेट टॉप बॉक्सचा एक असे दोन रिमोट झाले. मिळून पाऊणशेच्या आसपास बटणं.

जूनमध्ये लक्षात आलं की टीव्ही बंदच असतो. विचारलं तर म्हणाली, "नको वाटतं बघायला." दोन दिवसांनी माझ्या बायकोजवळ खरं बोलली. काहीतरी दाबलं गेलं, पडदा निळा झाला, आणि "पोरं चिखलातून दमून येतात, त्यांना कुठं सारखं सांगायचं" म्हणून तिने टीव्ही लावणंच सोडलं होतं. म्हाताऱ्या माणसांचं हे असंच असतं. अडलं तर ती तक्रार करत नाहीत, ती गोष्टच सोडून देतात.

पुतणीने आधी एक कागद भिंतीला लावला होता. मेहनतीने केलेला. रिमोटचं चित्र, प्रत्येक बटणाला बाण, बाणापुढे मराठीत नाव: होम, बॅक, सोर्स, म्यूट, मेनू. आईने तो वाचला, सगळा वाचला. पण "मला सातच्या बातम्या बघायच्यात" यासाठी काय करायचं ते त्यात कुठेच नव्हतं. ट्रॅक्टरच्या प्रत्येक दांड्याचं नाव सांगितलं म्हणून चिखलणी येत नाही, तसं. म्हणून नवं पान बटणांवरून नाही, आईच्या कामांवरून करायचं ठरवलं. तिची कामं चार: टीव्ही लावणे, चॅनेल बदलणे, आवाज कमीजास्त करणे, यूट्यूबवर कीर्तन लावणे. आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं: वाट चुकली तर परत येणे.

लिहायला बसण्याआधी टीव्हीची घडी नीट बसवावी लागते. पान कितीही चांगलं असलं तरी मशीनच अवघड ठेवलं असेल तर दहा ओळींच्या तीस ओळी होतात.

आवाज एकाच रिमोटवर

दोन्ही रिमोटवर आवाजाची बटणं असतात, आणि दोन आवाज वेगवेगळे असतात. डबा आपला आवाज टीव्हीकडे पाठवतो, टीव्ही त्यावर स्वतःचा लावतो. आमच्याकडे डब्याचा आवाज कधीतरी खूप खाली आला होता. मग आई टीव्हीचा आवाज वाढवत वाढवत साठपर्यंत नेत असे, तरी बातम्या पुटपुटल्यासारख्या. त्याच साठवर यूट्यूब लावलं की घर हादरायचं, कारण यूट्यूब डब्यातून येत नाही, टीव्हीतूनच येतं. तिथे डब्याचं खाली खेचणं नसतं. आईला वाटायचं टीव्ही बिघडला.

उपाय सोपा आहे. डब्याचा आवाज जवळपास पूर्ण वर नेऊन ठेवला आणि डिशच्या रिमोटवरच्या आवाजाच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. आता आवाज म्हणजे टीव्हीचा रिमोट, दुसरं काही नाही. चॅनेल आणि यूट्यूब दोन्हींचा आवाज साधारण सारखा झाला, आणि आईचा आकडा वीसवर आला.

चॅनेलचे आकडे

इथे एक गोष्ट अशी दिसली जी आपल्या डोळ्यांना सुचत नाही. आईच्या डोक्यात मराठी आकडे पक्के आहेत, एसटीच्या पाट्यांवरचे. रिमोटवर आकडे इंग्रजी. आता नीट बघा: मराठी १ आणि इंग्रजी 9 यांची ठेवण जवळजवळ सारखी. मराठी ४ आणि इंग्रजी 8 यांचं तेच. चांगली नजर असलेला माणूस गोंधळत नाही, पण मोतीबिंदूच्या धुक्यातून, झिजलेल्या बटणावर, आई एकासाठी 9 दाबत होती. म्हणून पानावर चॅनेलचे आकडे रिमोटवर दिसतात तसेच काढायचे, मराठीत नाही.

दुसरी अडचण वेळेची. तीन आकडी नंबर दाबताना डबा दोनतीन सेकंदच थांबतो. आई पहिला आकडा दाबून दुसरा शोधेपर्यंत डबा पहिल्याच आकड्याचा चॅनेल लावून मोकळा. यावर उपाय म्हणजे आवडीची यादी. बहुतेक डब्यांत ती सोय असते, रिमोटवर FAV लिहिलेलं बटण असतं. आईचे सहा चॅनेल त्या यादीत टाकले: डीडी सह्याद्री, दोन बातम्यांचे, दोन मालिकांचे, एक भक्तीचा. यादी चालू ठेवली की CH बटण वर दाबताना डबा त्या सहांतच फिरतो. आकडे दाबायची गरजच उरत नाही. तरी पानाच्या पाठीमागे नंबरांची चिठ्ठी वेगळी चिकटवली आहे, कारण चॅनेलचे नंबर बदलत राहतात. ज्यांच्याकडे डीडी फ्री डिश आहे त्यांना हे जास्त जाणवतं. तिथे खासगी चॅनेलना जागा लिलावाने मिळते, त्यामुळे चॅनेल येतात आणि जातात. चिठ्ठी बदलली की झालं, पान तेच राहतं.

पाऊस आणि "काही दाबू नको"

आपल्या कर्जत, नेरळ पट्ट्यात ही ओळ पानावर नसेल तर पानाचा अर्धा उपयोग गेला. डिशचा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्या लहरी पावसाचे थेंब शोषतात. रिमझिमीत काही होत नाही, पण सर जोरात आली की चित्राचे चौकोन होतात, मग पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते. डबा बिघडलेला नसतो, डिश हललेली नसते. सर ओसरली की चित्र आपोआप येतं. आणखी एक: आपल्या डिशचं तोंड आग्नेयेकडे, दक्षिणेच्या बाजूला असतं. पाऊस तिकडे कोसळत असेल आणि आपल्या अंगणात थेंब नसेल, तरी चित्र जाऊ शकतं. आईला हे कोड्यासारखं वाटायचं.

खरी गडबड पावसाने होत नाही, पावसात दाबलेल्या बटणांनी होते. चित्र गेलं की माणूस हाताला येईल ते दाबतो. त्यात कधी टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्सचं बटण लागतं आणि टीव्ही डब्याकडे बघायचं सोडून दुसऱ्या भोकाकडे बघायला लागतो. कधी डिशच्या रिमोटवरचं रेडिओचं बटण लागतं, मग आवाज येतो पण चित्र नाही. सर दहा मिनिटांत ओसरते, पण चित्र संध्याकाळपर्यंत येत नाही. आईचा निळा पडदा तो असाच झाला होता.

आता मी शेतात आहे, आईचा फोन आला, "काही दिसत नाही." पाऊस आहे की बटण लागलंय हे फोनवर कसं ओळखायचं? एक सोपी खूण आहे. डिशच्या रिमोटवर कुठलाही आकडा दाबायला सांगायचा आणि विचारायचं, "पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उमटला का?" उमटला तर डबा जागा आहे, टीव्ही डब्याकडेच बघतोय, खोट वर आभाळात किंवा डिशमध्ये. थांबायचं. आकडा उमटलाच नाही आणि पडद्यावर `No Signal` असं आहे, तर डबा झोपलाय किंवा टीव्ही दुसरीकडे बघतोय. मग पानावरची ओळ सांगायची. पाऊस नसतानाही चित्र रोज तुटत असेल तर मात्र डिशच्या समोर बघा. पावसाळ्यात आंब्याची फांदी वाढून आडवी आलेली असते.

विजेचंही तसंच. वीज जाऊन आली की टीव्ही अर्ध्या मिनिटात जागा होतो, पण डबा पूर्ण सुरू व्हायला मिनिटभर किंवा थोडा जास्त घेतो. मधल्या वेळात टीव्ही `No Signal` दाखवतो. तो दिसला की आई बटणं दाबायची. आता पानावर लिहिलंय: शंभर आकडे मोज. घड्याळातले सेकंद तिला दिसत नाहीत, पण आकडे मोजायला ती पक्की आहे. आयुष्यभर मुठी मोजल्यात.

यूट्यूब, आणि तिथून परत

यूट्यूबवर जाणं सोपं आहे, परतणं अवघड. आमच्या टीव्हीच्या रिमोटवर यूट्यूबचं वेगळं बटण आहे. शेजारी आणखी तीन ॲपची बटणं. त्या तिघांवर चिकटपट्टी लावली. यूट्यूबच्या बटणावर बायकोच्या पाकिटातली टिकली लावली आणि वरून नेलपॉलिशचे दोन थर दिले, नाहीतर घामाने टिकली चौथ्या दिवशी निघते. आता ते बटण अंधारातही बोटाला लागतं.

नाव टाईप करणं आईला शक्य नाही, म्हणून माईकचं बटण. इथे तुमचा रिमोट कसा आहे ते आधी बघा. काही रिमोटवर बटण एकदा दाबून सोडायचं असतं, काहींवर बोलून होईपर्यंत धरून ठेवायचं असतं. आमच्याकडे धरून ठेवावं लागतं. भाषेचंही तपासून घ्या. काही टीव्हीत मराठी असते, आमच्यात ऐकायच्या भाषांत हिंदी आणि इंग्रजीच निघाली. हिंदी ठेवली. "आज मला पंढरपूरचं कीर्तन ऐकायचंय" असं अख्खं वाक्य बोललं की तो भलतंच काही शोधतो. "मराठी कीर्तन", "हरिपाठ", "पंढरपूर" असे एकदोन शब्द बोलले की बरोबर आणतो. म्हणून चालणारे तीन शब्द पानावरच लिहून ठेवले, आईने स्वतः बोलून बघितलेले. आठवडाभर तिने तेच ऐकलं की यूट्यूब उघडताच पहिल्या रांगेत कीर्तनच येतं, मग माईकची गरज कमी होते.

आता परत येणं. यूट्यूबमधून चॅनेलवर यायचा साधा रस्ता असा: होम दाबा, सोर्स उघडा, खाली या, `HDMI 1` निवडा, गोल बटण दाबा. पाच पायऱ्या, त्यातल्या दोन इंग्रजी वाचून करायच्या. आईला हे जमणार नाही, आणि तिने ते का शिकावं? आमच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये, टीव्ही चालू झाला की थेट डब्यावर जायचं, असा पर्याय सापडला. सगळ्या टीव्हीत तो नसतो, आणि असला तरी प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. सेटिंगमध्ये पॉवर किंवा इनपुट लिहिलेल्या ठिकाणी शोधा. तो लावल्यावर परतीचा रस्ता एवढाच राहिला: टीव्ही बंद कर, पुन्हा लाव. कुठेही अडकली, काहीही उघडलं, ओळ एकच. ज्यांच्या टीव्हीत हा पर्याय नाही त्यांनी पाच पायऱ्या लिहिण्यापेक्षा, सोर्सचं बटण दाबून आपला टीव्ही काय करतो ते बघावं. काही टीव्हीत तेच बटण दोनदा दाबलं की डब्यावर येतं. जे कमीत कमी पायऱ्यांत होतं ते लिहा.

लिहिणं आणि छापणं

रिमोट ओळखायला रंगीत पट्ट्या लावल्या. निळी आणि काळी घेऊ नका. मोतीबिंदूच्या पिवळसर पडद्यातून गडद निळं आणि काळं एकच दिसतं. टीव्हीच्या रिमोटला लाल पट्टी, डिशच्या रिमोटला पांढरी. दोन्ही पट्ट्या रिमोटच्या वरच्या टोकाला, कारण काळा रिमोट आई बऱ्याचदा उलटा धरायची. मग "वरचं बटण" खाली असायचं. आता पट्टी टीव्हीकडे करायची एवढं तिला माहीत आहे.

शब्द तिचे ठेवले. "निवडा" हा शब्द तिच्या बोलण्यात नाही, "गोल बटण दाब" आहे. "दाब" लिहिलं तर ती खांब रोवल्यासारखं दाबून धरते, आणि जास्त वेळ धरलं की टीव्ही दुसरंच काही उघडतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी "दाब, सोड" असं लिहिलं. माईकच्या ओळीतच फक्त "धरून ठेव" आहे. CH आणि VOL ही अक्षरं ती वाचत नाही, पण चित्र म्हणून ओळखते. दोन्ही बटणं दिसायला जुळी, दोन्हींवर वरखाली. म्हणून पानावर ती अक्षरं रिमोटवर आहेत तशीच, इंग्रजीत, मोठी काढली आणि बाजूला मराठीत काम लिहिलं.

अक्षराचा आकार. मोठ्या टाईपाचं माप इंग्रजीत साधारण १८ पॉइंट धरतात. मराठीला ते कमी पडतं, कारण आपली वेलांटी, मात्रा, अनुस्वार वर आणि उकार खाली, त्यामुळे मधलं अक्षर लहान राहतं. आम्ही ओळी ३२ पॉइंटला आणि ओळींचे नंबर ६० ला ठेवले. अक्षर जाड घेतलं, पण इतकं जाड नाही की ब आणि व सारखे दिसावेत. दोन ओळींत एक ओळ जाईल एवढी जागा सोडली, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. पांढऱ्यावर काळं, मागे फूल नाही, चित्र नाही. एका पानावर सहा ओळींपेक्षा जास्त नाही.

नेरळला झेरॉक्सच्या दुकानात छापलं. घरच्या शाईच्या प्रिंटरवर छापू नका, आपल्या हवेत श्रावणापर्यंत शाई पसरते. झेरॉक्सच्या किंवा लेझरच्या मशीनची छपाई ओलीने पसरत नाही. लॅमिनेशन केलं, पण भिंतीला लावलं नाही. लॅमिनेशनवर ट्यूबचा उजेड चमकतो आणि भिंतीवरचं पान हलवता येत नाही. हातात धरलेलं पान माणूस आपोआप तिरकं करून वाचतो. शिवाय टीव्हीजवळ लावलेला कागद आठ-दहा फुटांवरून वाचायला लागतो, मांडीवरचा हातभरावरून. पानाला भोक पाडून दोरीने खुर्चीला बांधलं.

पान असं आहे.

पहिली बाजू: टीव्ही

१. टीव्ही लाव: लाल रिमोट. वरचं लाल बटण. दाब, सोड. वीस आकडे मोज.
२. चित्र आलं नाही: पांढरा रिमोट. वरचं लाल बटण. दाब, सोड. शंभर आकडे मोज.
३. चॅनेल बदल: पांढरा रिमोट. CH. दाब, सोड.
४. आवाज: लाल रिमोट. VOL. वर मोठा, खाली बारीक.
५. पाऊस आहे, किंवा वीज आत्ता आली: रिमोट खाली ठेव. काही दाबू नको. चित्र आपोआप येईल.
६. काहीही बिघडलं: लाल रिमोटने टीव्ही बंद. वीस आकडे मोज. पुन्हा लाव.

दुसरी बाजू: कीर्तन

१. लाल रिमोट. टिकलीचं बटण. दाब, सोड. थांब.
२. माईकचं बटण धरून ठेव. बोल: मराठी कीर्तन. हरिपाठ. पंढरपूर. मग सोड.
३. चित्रं येतील. बाणाने पुढे जा. हवं त्यावर गोल बटण. दाब, सोड.
४. जाहिरात आली आणि खाली `Skip` दिसलं: गोल बटण. दाब, सोड. नाही दिसलं तर थांब.
५. परत चॅनेल हवा: पहिली बाजू, ओळ ६.

दुसऱ्या ओळीबद्दल एक खुलासा. पांढऱ्या रिमोटच्या लाल बटणाने झोपलेला डबा उठतो, पण जागा असलेला डबा झोपतोही. म्हणून ती ओळ "चित्र आलं नाही" या अटीवरच आहे, आणि रात्री टीव्ही बंद करताना फक्त लाल रिमोट वापरायचा, डबा जागाच ठेवायचा, असं ठरवलंय. त्यामुळे दुसरी ओळ क्वचितच लागते.

पान झाल्यावर तपासणी. आईच्या हातात पान आणि दोन्ही रिमोट दिले, म्हटलं, "डीडी सह्याद्री लाव." आणि मी बाजूला गप्प बसलो. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, हात शिवशिवतो. पण तिचं बोट जिथे थांबतं तिथेच पानात काहीतरी कमी असतं. पहिल्या वेळी ती "थांब" या शब्दावर अडली. "किती थांबू?" म्हणून विचारलं. तिथे आकडे मोजायचं आलं. दुसऱ्या वेळी तिने विचारलं, "लाल बटण दोन्हींवर आहे, कुठलं?" म्हणून प्रत्येक ओळीत रिमोटचा रंग आधी आला, बटण नंतर. तिसऱ्या वेळी ती टीव्ही लावून चॅनेलवर गेली, मग टिकलीचं बटण, मग परत. मी एक शब्द बोललो नाही.

ओळींना नंबर देण्याचा फायदा पहिल्याच आठवड्यात दिसला. खाचरात होतो, हात चिखलाचे, फोन कानाला बायकोने धरलेला. आई म्हणाली, "पडदा काळा झालाय." मी विचारलं, "पाऊस आहे का तिकडे?" "नाही." "पांढऱ्या रिमोटवर कुठलाही आकडा दाब. कोपऱ्यात उमटला?" "नाही." "दोन नंबरची ओळ कर." ती आकडे मोजू लागली, मोठ्याने. सत्तरच्या आसपास बातम्यांचा आवाज आला आणि तिने फोन ठेवून दिला. आधी असे फोन वीस मिनिटं चालायचे आणि "राहू दे" वर संपायचे.

या पानाने सगळं होत नाही. माईक अचानक चालेनासा झाला तर पान काही करू शकत नाही. टीव्हीचा रिमोट बऱ्याचदा दोन तऱ्हेने बोलतो, चालू-बंद लाल किरणासारख्या न दिसणाऱ्या उजेडाने आणि माईक ब्लूटूथने. ती जोडणी तुटली की बाकी बटणं चालतात आणि माईक तेवढा बंद. ते आम्हीच संध्याकाळी पुन्हा जोडतो. सेल संपत आलेत का हे बघायला रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून चालू-बंदचं बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे. ठिपका फिका असेल तर सेल बदला. आणि डबा किंवा टीव्ही बदलला की पान नवं करावं लागतं. म्हणून कोपऱ्यात तारीख टाकलीय आणि फाइल झेरॉक्सवाल्याकडे ठेवलीय.

गेल्या आठवड्यात बघितलं तर पाठीमागच्या चिठ्ठीवर पेन्सिलने एक सातवा चॅनेल लिहिलेला. आकडे रिमोटवरचे, नाव आईच्या वळणदार अक्षरात. कुस्तीचा चॅनेल आहे. तिला कुस्ती आवडते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.